हिमोग्लोबिन 13 वरून 11.7: सरावामुळे उतरलं की लोह खरंच कमी झालंय?

सेमिनरी_हिल्सची_आई | 17 एप्रिल, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. मुलगी 19 वर्षांची आहे, 5000 आणि 10,000 मीटर धावते. इथे नागपुरात मानकापूरला सराव असतो, लांब पल्ल्याच्या दिवशी फुटाळा ते अंबाझरी असं फिरून येतात. नोव्हेंबरमध्ये आठवड्याला साधारण 40 किलोमीटर धावायची, जानेवारीपासून प्रशिक्षकांनी हळूहळू 75 वर नेलं. मार्चपासून संध्याकाळचा सरावही सुरू झाला. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

गेल्या महिनाभरात तिची वेळ बिघडली. 5000 मीटरला 19:10 लागायचे, आता 19:55 लागतात. पाय जड वाटतात म्हणते. म्हणून मंगळवारी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 11.7 आलं, नोव्हेंबरमध्ये 13.0 होतं. फेरिटिन 48, त्यापुढे ‘नॉर्मल’ लिहिलंय. तांबड्या पेशी तेव्हा 4.45 होत्या, आता 4.12. एमसीव्ही 88 चं 86. आरडीडब्ल्यू 13.1 होतं, ते 15.0 झालंय.

प्रशिक्षक म्हणतात, धावणाऱ्यांचं असंच असतं, काळजी नको. शेजारच्या काकू म्हणतात, लोहाच्या गोळ्या लगेच सुरू करा. नेमकं काय समजायचं?

---

फुटाळा_रनर | 17 एप्रिल, रात्री 10:15

ताई, प्रशिक्षकांचं बरोबर आहे. सराव वाढला की रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. पेशी तेवढ्याच राहतात, त्यामुळे मोजताना हिमोग्लोबिन कमी दिसतं. उन्हात धावलं तर आणखीच. यालाच स्पोर्ट्स अ‍ॅनिमिया म्हणतात आणि तो खरा अ‍ॅनिमिया नाही. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचं उन्हाळ्यात एकेक पॉइंट उतरतं. फेरिटिन 48 म्हणजे साठा भरलेला आहे. गोळ्या नकोत, मायलेज कमी करायची गरज नाही, निश्चिंत राहा.

---

पॅथॉलॉजी_रामदासपेठ | 18 एप्रिल, सकाळी 7:05

ताई, गेली बरीच वर्षं रक्ताचे रिपोर्ट सही करून देण्याचंच काम करते, म्हणून लिहिते. फुटाळा_रनर यांनी सांगितलेली प्लाझ्माची गोष्ट खरी आहे. पण तुमच्या रिपोर्टवरून ‘निश्चिंत राहा’ म्हणायला मी तयार नाही. आधी दोन प्रश्न. मंगळवारच्या आधी शेवटची शर्यत किंवा जोरदार सराव कधी झाला होता? आणि त्या आठवड्यात सर्दी, ताप, घसा असं काही होतं का?

---

सेमिनरी_हिल्सची_आई | 18 एप्रिल, सकाळी 8:20

रविवारी 10 किलोमीटरची शर्यत होती. शनिवारपासूनच घसा धरला होता, तरी धावली. मंगळवारी सर्दी जोरात होती, अंग कोमट लागत होतं. दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत.

---

वऱ्हाडी_भाऊ | 18 एप्रिल, सकाळी 9:00

राम राम. माह्या पोराचं बी असंच हाय. तो चारशे-आठशे मीटर पळते. शाळेत तपासणी झाली तवा त्याले सिकलसेलचा वाहक सांगितला, एएस. आता त्याचं हिमोग्लोबिन 13.4 हाय. तो थकला का मले वाटते हे सिकलमुळंच होते. ताई, तुमच्या पोरीची सिकलची टेस्ट केली का? आपल्या विदर्भात हे लय हाय.

---

पॅथॉलॉजी_रामदासपेठ | 18 एप्रिल, दुपारी 1:30

आई, शर्यतीनंतर दोनच दिवसांनी आणि सर्दीत घेतलेलं फेरिटिन आहे, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. त्याकडे नंतर येते. आधी हिमोग्लोबिनचा हिशेब करू, कारण तुमच्याकडे जुना रिपोर्ट आहे आणि तो फार कामाचा आहे.

समजा, नोव्हेंबरमध्ये तिच्या अंगात 4 लिटर रक्त होतं. हिमोग्लोबिन 13 म्हणजे लिटरला 130 ग्रॅम, म्हणून एकूण 520 ग्रॅम. त्या 4 लिटरमध्ये साधारण 1.56 लिटर पेशी आणि 2.44 लिटर प्लाझ्मा. आता सराव आणि ऊन यांनी प्लाझ्मा 12 टक्के वाढला असं धरा. सहनशक्तीच्या खेळांत 10 ते 20 टक्के वाढ ही नेहमीची गोष्ट आहे. पहिल्या काही दिवसांतच ती सुरू होते, तांबड्या पेशी मात्र आठवडे-महिने लावून मागून वाढतात. म्हणजे 0.29 लिटर प्लाझ्मा जास्त. रक्त झालं 4.29 लिटर आणि त्यात तेच 520 ग्रॅम हिमोग्लोबिन. भागाकार केला की 12.1 येतं. एक थेंबही रक्त न गमावता 13 चं 12.1 झालं.

12 टक्के हा माझा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही. खरं मोजायचं तर कार्बन मोनॉक्साइड श्वासातून देऊन अंगातलं एकूण हिमोग्लोबिन काढतात. ती सोय खेळविज्ञानाच्या प्रयोगशाळांत असते, आमच्यासारख्या लॅबमध्ये नाही.

पण घरी बसून एक गोष्ट पाहता येते. नुसतं पाणी वाढलं असेल तर हिमोग्लोबिन आणि तांबड्या पेशींची संख्या दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरतात, कारण प्रत्येक पेशी आतून तशीच असते. तुमच्या मुलीच्या पेशी 4.45 वरून 4.12, म्हणजे साडेसात टक्के उतरल्या. हिमोग्लोबिन मात्र 10 टक्के उतरलं. हा फरक कुठून आला? एका पेशीत किती हिमोग्लोबिन आहे ते एमसीएच सांगतं. नोव्हेंबरमध्ये ते 29.2 होतं, आता 28.4 भरतं. हिमोग्लोबिनला 10 ने गुणून पेशींच्या आकड्याने भागा, तुम्हालाही तेच येईल. म्हणजे पेशी थोड्या रिकाम्या होऊ लागल्या आहेत. आरडीडब्ल्यू 15 म्हणजे लहान-मोठ्या पेशी एकत्र फिरताहेत. नुसत्या पातळ होण्यात आरडीडब्ल्यू वाढत नाही.

माझा अंदाज असा की 1.3 च्या घसरणीतला बराचसा भाग प्लाझ्माचा आहे, पण सगळा नाही. एमसीएचमधला फरक लहान आहे. एकट्या त्यावर मी काही बोलले नसते, यंत्रातही इतका फरक पडतो. आरडीडब्ल्यू आणि वेळ दोन्ही सोबत बिघडल्यामुळे मी थांबले.

---

फुटाळा_रनर | 18 एप्रिल, दुपारी 2:10

मॅडम, हिशेब आवडला. पण मग फेरिटिन 48 कसं? साठा असताना पेशी रिकाम्या कशा होतील?

---

पॅथॉलॉजी_रामदासपेठ | 18 एप्रिल, दुपारी 3:45

तुम्ही नेमकी जागा पकडलीत. फेरिटिन साठ्याचा आरसा आहे, पण अंगात दाह असला की लोह असो वा नसो, ते चढतं. सर्दी-ताप, दातदुखी, जोरदार शर्यत, सगळ्यांनी चढतं. घसा धरलेला, त्यात शर्यत आणि दोन दिवसांनी सुई. अशा वेळी 48 मागे खरा आकडा 15 असू शकतो किंवा 45 सुद्धा. आत्ता सांगता येत नाही.

उलट दिशेने मात्र फेरिटिन फसवत नाही. ते 12 आलं तर लोह संपलंच आहे. म्हणजे कमी आलं तर विश्वास ठेवा, बरं आलं तर कुठल्या दिवशी घेतलं ते विचारा.

ताई, घाईने गोळ्या नकोत आणि निश्चिंतही राहू नका. सर्दी पूर्ण जाऊन दोन आठवडे होऊ द्या. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस हलकाच सराव. सकाळी, रात्रीपासून पुरेसं पाणी पिऊन, आणि सुई टोचण्यापूर्वी पंधरा मिनिटं खुर्चीत शांत बसून. उभं राहिलं की प्लाझ्मा रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतो आणि आकडा घट्ट येतो. धावत-पळत लॅबमध्ये येऊन हात पुढे करणाऱ्यांचं हिमोग्लोबिन अर्धा पॉइंट जास्त आलेलं मी पाहिलंय. लॅब तीच ठेवा. सीबीसी, फेरिटिन, अंगातला दाह दाखवणारं सीआरपी आणि सोबत सीरम आयर्न व टीआयबीसी घ्या. सीआरपी साधं आलं तरच फेरिटिनवर बोलू.

वऱ्हाडी भाऊ, तुमच्या मुलाबद्दल. नुसत्या वाहकाला, म्हणजे एएसला, सिकलमुळे अ‍ॅनिमिया होत नाही. 13.4 हे मुलाचं चांगलं हिमोग्लोबिन आहे. थकव्याचं कारण तिथे शोधू नका. पण वाहक मुलगा भर उन्हात, पाणी कमी पिऊन, सलग जोर लावून धावला तर स्नायू फुटून जिवावर बेतल्याचे प्रसंग घडलेले आहेत. त्याच्या प्रशिक्षकांना तो वाहक असल्याचं सांगून ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाच्या आत जोराची धाव नको. मध्ये पाय आखडले, धाप लागली तर लगेच थांबवायचं, ‘अजून एक राउंड’ म्हणायचं नाही.

---

वऱ्हाडी_भाऊ | 18 एप्रिल, संध्याकाळी 6:00

बरं झालं सांगितलं मॅडम. मी त्याच्या सरले आजच फोन करतो. लोहाच्या गोळ्या देत होतो मी त्याले सिकलसाठी. त्या बंद करू का?

---

पॅथॉलॉजी_रामदासपेठ | 18 एप्रिल, संध्याकाळी 6:20

सिकलसाठी लोह लागत नाही. पण ज्यांनी सुरू केल्या त्यांना विचारून फेरिटिन पाहून बंद करा. मनाने नको.

---

धंतोलीचे_काका | 18 एप्रिल, रात्री 9:50

या धाग्यात एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. मी 56 वर्षांचा, गेली दहा-बारा वर्षं हाफ मॅरेथॉन धावतो. दोन वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन 14.6 चं 12.3 झालं. सगळे म्हणाले धावणाऱ्यांचं असंच असतं, मलाही तेच वाटलं. सहा महिन्यांनी फेरिटिन केलं, ते 8 आलं. फिजिशियननी फेरिटिन पाहताच पोटाची दुर्बीण करायला पाठवलं. जठरात व्रण होता. गुडघ्यासाठी मी शर्यतीआधी रिकाम्या पोटी पेनकिलर घ्यायचो, त्याने तो झाला होता आणि रक्त थोडं थोडं झिरपत होतं. शौचाचा रंग बदलल्याचं मला कधी कळलंच नाही.

माझ्या डॉक्टरांचं वाक्य आहे: पुरुषाचं लोह कमी असेल तर ते कुठे जातंय ते आधी शोधायचं, गोळी नंतर. पन्नाशीपुढे तर आतड्याचीही दुर्बीण करतात. मुलीच्या वयात शक्यता वेगळ्या असतील, पण पेनकिलरचं विचारा.

---

फिजिओताई | 19 एप्रिल, सकाळी 6:40

काकांचा मुद्दा फार मोलाचा आहे. ताई, मी खेळाडू मुलींसोबत काम करते, म्हणून सरळ विचारते. मुलीची पाळी कशी आहे? किती दिवस, किती पॅड, मध्ये कधी चुकते का? धाव झाल्यावर ती किती वेळाने जेवते? आणि नडगी वगैरे दुखते म्हणून गोळ्या घेते का? या प्रश्नांची उत्तरं मुली प्रशिक्षकांना देत नाहीत, आईलाही कधी कधी नाही. एकटीला बसवून विचारा.

---

सेमिनरी_हिल्सची_आई | 19 एप्रिल, रात्री 8:30

विचारलं. पाळी नियमित आहे, पण गेल्या वर्षभरापासून सात दिवस चालते आणि पहिले तीन दिवस दर दोन-तीन तासांनी पॅड बदलावा लागतो. रात्री उठून बदलते. हे मला माहीत नव्हतं. नडगीसाठी फेब्रुवारीत काही दिवस मैत्रिणीने दिलेल्या गोळ्या घेतल्या. सकाळी धाव झाल्यावर दूध-चहा घेऊन कॉलेजला जाते, जेवण थेट दुपारी एकला. आम्ही शाकाहारी आहोत.

---

फिजिओताई | 19 एप्रिल, रात्री 9:05

रात्री उठून पॅड बदलावा लागणं म्हणजे रक्तस्राव जास्त आहे. यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हा लोहाचा मुख्य गळतीमार्ग असू शकतो. पाळी नियमित आहे हे एका अर्थी चांगलं. खाणं फारच कमी पडलं की पाळी थांबते, मग वेगळा प्रश्न उभा राहतो. पण सकाळी सातपासून एकपर्यंत रिकामं पोट हेही बरोबर नाही.

---

फुटाळा_रनर | 19 एप्रिल, रात्री 9:40

एक राहिलंच. डांबरी रस्त्यावर धावल्याने तळव्याखाली पेशी फुटतात, त्यानेही लोह जातं ना? आमच्यात सगळे तेच म्हणतात. म्हणून मी मुलांना मातीवर धावायला लावतो.

---

पॅथॉलॉजी_रामदासपेठ | 20 एप्रिल, सकाळी 7:20

पेशी फुटतात हे खरं. पण फुटलेल्या पेशीतलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन पकडतं आणि त्यातलं लोह शरीर परत वापरतं. हॅप्टोग्लोबिन संपून हिमोग्लोबिन लघवीत उतरलं तरच लोह बाहेर जातं. धाव झाल्यावर कोकाकोलाच्या रंगाची लघवी झाली तर तपासा, एरवी तळव्याला दोष देऊ नका. पाळी, पोट, घाम आणि न पुरणारं जेवण, गळती बहुधा याच ठिकाणी सापडते. मातीवर धावणं नडगीसाठी चांगलं, ते चालू ठेवा.

---

सेमिनरी_हिल्सची_आई | 5 मे, सकाळी 11:15

सर्दी जाऊन दोन आठवडे झाले. शनिवार-रविवार फक्त हलकं धावली. काल सकाळी त्याच लॅबमध्ये बसवून रक्त घेतलं.

हिमोग्लोबिन 11.8, पेशी 4.16, आरडीडब्ल्यू 15.3. सीआरपी साधं. फेरिटिन 14. सीरम आयर्न 45, टीआयबीसी 410, सॅच्युरेशन 11 टक्के.

फेरिटिन 48 चं 14 झालेलं पाहून मी घाबरले. तीन आठवड्यांत एवढं गेलं कुठे?

---

पॅथॉलॉजी_रामदासपेठ | 5 मे, दुपारी 12:40

कुठेही गेलं नाही, घाबरू नका. तेव्हाही ते 14 च्या आसपासच असणार. सर्दी आणि शर्यतीने चढलेला भाग उतरला आणि खरा आकडा दिसला.

आता चित्र स्वच्छ आहे. फेरिटिन 14 म्हणजे साठा जवळजवळ संपलेला. सॅच्युरेशन 16 टक्क्यांखाली म्हणजे अस्थिमज्जेकडे जाणाऱ्या गाडीत माल कमी आहे. एमसीएच अजून 28.4 आहे, पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्हीही, तुमच्या रिपोर्टवर साधाच असेल, यावर जाऊ नका. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. आधी भरलेल्या पेशी अजून फिरत असल्याने सरासरी उशिरा पडते. एमसीव्ही 75 होण्याची वाट पाहिली असती तर अख्खा हंगाम गेला असता.

म्हणून उत्तर दोन्ही आहे. प्लाझ्माही वाढलाय आणि लोहही खरंच कमी आहे. नुसत्या प्लाझ्माने वेळ बिघडत नाही. उलट एका ठोक्याला जास्त रक्त फेकलं जातं, खेळाडूला त्याचा फायदाच होतो. 45 सेकंदांची घसरण झाली तेव्हाच शंका यायला हवी होती. अर्थात ऊन आणि अचानक वाढवलेलं मायलेज यांचाही त्यात वाटा असेल, सगळं लोहाच्या माथी मारता येणार नाही.

हे रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. डोस ते ठरवतील.

---

फुटाळा_रनर | 5 मे, दुपारी 1:30

मॅडम, ताईंच्या बाबतीत मान्य. पण माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. शिबिरात सगळ्या मुलींचं हिमोग्लोबिन काढतात, 12 च्या खाली दिसली की गोळ्यांचं पाकीट हातात. कुणी जुना रिपोर्ट पाहत नाही, कुणी फेरिटिन करत नाही. मग पोट बिघडतं आणि मुली सराव बुडवतात. हेही चूकच आहे.

---

पॅथॉलॉजी_रामदासपेठ | 5 मे, दुपारी 2:15

पूर्ण सहमत. एखादी मुलगी 12.7 ची 11.8 झाली, पेशी त्याच प्रमाणात उतरल्या, एमसीएच आणि आरडीडब्ल्यू जागच्या जागी, विश्रांतीनंतरचं फेरिटिन 55 आणि धावण्याची वेळ सुधारतेय, तर तिला लोह देऊन काही मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 12 ची रेषा सर्वसाधारण बाईसाठी आहे, एप्रिलमध्ये 75 किलोमीटर धावणारीसाठी बनवलेली नाही. तिचा स्वतःचा नोव्हेंबरचा आकडा हीच तिची खरी रेषा.

---

सेमिनरी_हिल्सची_आई | 7 मे, रात्री 9:00

फिजिशियनना दाखवलं. 60 मिलिग्रॅम लोह, एक दिवसाआड. प्रशिक्षकांना फोन केला तर ते म्हणाले, राज्य स्पर्धा जवळ आलीय, एक दिवसाआड काय होणार, सलाईनमधून लोह चढवून घ्या, आठवड्यात फरक पडेल. आता पुन्हा गोंधळ.

---

पॅथॉलॉजी_रामदासपेठ | 7 मे, रात्री 10:10

शिरेतून लोह हा उपचार आहे, पण गोळी सहन होत नाही, शोषली जात नाही किंवा अ‍ॅनिमिया तीव्र आहे अशांसाठी. तिचं तसं काही नाही. शिवाय ती स्पर्धेत उतरणारी आहे. लोह बंदी घातलेल्या पदार्थांत नाही, पण उत्तेजकविरोधी नियमांनुसार 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून घेणं, रुग्णालयातल्या उपचाराचा भाग नसेल तर, नियमभंग ठरतं. हंगामाच्या तोंडावर कुठल्यातरी दवाखान्यात बाटली लावून घेणं म्हणजे विनाकारण धोका.

एक दिवसाआड देण्यामागे कारण आहे. लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन सोडतं आणि ते आतड्याचं दार लोटून घेतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या अर्ध्या मिटलेल्या दारावर येते. लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासांत एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं गेलं.

व्यायामानेही हेप्सिडिन चढतं, साधारण तीन ते सहा तासांनी. म्हणून सकाळची धाव संपल्यावर अर्ध्या तासात गोळी घ्यायची, दार मिटायच्या आधी. दुपारी अकरा-बाराला घेतली तर सर्वांत वाईट वेळ. सोबत संत्री-मोसंबी किंवा लिंबूपाणी. चहा आणि दूध किमान तासभर नंतर. तिचा सकाळचा दूध-चहा नेमका तिथेच आडवा येतो. गोळीने शौच काळसर होते, ते अपेक्षित आहे. पण डांबरासारखी चिकट झाली तर डॉक्टरांना सांगा.

---

फिजिओताई | 8 मे, सकाळी 7:00

आणि गोळीनंतर तासाभराने पोटभर नाश्ता. तर्री पोहे असोत की चणे-उसळ आणि भाकरी, काहीही चालेल, पण उपाशी कॉलेजला नको. प्रशिक्षकांना सांगा, चार-सहा आठवडे 75 चं 55 करा, जोराच्या फेऱ्या निम्म्या.

---

फुटाळा_रनर | 8 मे, सकाळी 7:45

55 वर आणणं मला जास्त वाटतं. फेरिटिन 14 वर मुली हळू का होईना धावत असतात. मी 65 ठेवून फक्त वेग कमी करीन. राज्य स्पर्धेच्या तोंडावर पायाभूत किलोमीटर गमावले तर परत यायला वेळ लागतो.

---

धंतोलीचे_काका | 8 मे, सकाळी 8:30

यावर एकमत होणार नाही असं दिसतंय. ताई, पोरीचं शरीर काय म्हणतं ते रोज सकाळी विचारा आणि उठल्यावरची नाडी लिहून ठेवा, मला त्याचा उपयोग झाला.

---

सेमिनरी_हिल्सची_आई | 3 जुलै, रात्री 8:50

आठ आठवडे झाले. प्रशिक्षकांनी 60 वर आणलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी औषध दिलंय, गेल्या दोन पाळ्या पाच दिवसांच्या आणि कमी. गोळीने पहिल्या आठवड्यात पोट बांधलं, मग सुरळीत झालं.

कालचा रिपोर्ट, सकाळी, विश्रांतीनंतर: हिमोग्लोबिन 12.4, पेशी 4.20, आरडीडब्ल्यू 13.9, फेरिटिन 36, सीआरपी साधं. परवा 5000 मीटर 19:18 मध्ये धावली, आणि पावसाने हवा थंड झालीय तेही आहेच. पण 13 काही परत आलं नाही. गोळी वाढवायची का?

---

पॅथॉलॉजी_रामदासपेठ | 3 जुलै, रात्री 9:45

भागाकार करा, एमसीएच 29.5 येतं. नोव्हेंबरमध्ये 29.2 होतं. म्हणजे आत्ताच्या पेशी पुन्हा पूर्ण भरलेल्या आहेत. 13 आणि 12.4 यांच्यातला फरक आता प्लाझ्माचा आहे आणि तो सराव चालू असेपर्यंत राहणारच. धावणं थांबवलं तर एक-दोन आठवड्यांत प्लाझ्मा उतरेल आणि आकडा आपोआप वर येईल, पण त्यासाठी कुणी धावणं थांबवत नाही. 13 साठी गोळी वाढवू नका. फेरिटिनकडे बघून किती दिवस चालू ठेवायची ते फिजिशियन सांगतील.

---

फुटाळा_रनर | 3 जुलै, रात्री 10:05

फेरिटिन 36 वर बंद करायची की 50 पर्यंत न्यायची? काही जण म्हणतात खेळाडूला 50 तरी हवंच.

---

पॅथॉलॉजी_रामदासपेठ | 3 जुलै, रात्री 10:30

यावर आम्हा लोकांतच दोन मतं आहेत. बरेच जण खेळाडूसाठी 35 ही खालची रेषा धरतात. उंच डोंगरावर सरावाला जाणार असेल तर जास्त साठा हवा, कारण तिथे पेशी वेगाने बनतात आणि लोह भराभर लागतं. हिमोग्लोबिन साधं असताना 36 चं 50 केल्याने धावण्याची वेळ सुधारते का, यावर मी ठामपणे काही म्हणणार नाही. तिची पाळी अजून स्थिरावतेय, म्हणून मी तरी आणखी दोन महिने एक दिवसाआड चालू ठेवण्याच्या बाजूने आहे.

---

सेमिनरी_हिल्सची_आई | 4 जुलै, सकाळी 7:10

फिजिशियनची वेळ सोमवारची घेतलीय, हाच प्रश्न घेऊन जाते. पुढची तपासणी सप्टेंबरमध्ये, स्पर्धेच्या तीन आठवडे आधी, त्याच लॅबमध्ये. तिन्ही जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये लावून ठेवलेत, आकडे इथेच टाकीन.